अंगावर पिणारं बाळ पाच दिवस शी करत नाही, तेव्हा काय बघायचं

"माझी मुलगी साडेनऊ आठवड्यांची आहे. फक्त अंगावरचं दूध, वरचं काहीच नाही. दीड महिन्यापर्यंत दिवसातून पाच-सहा वेळा शी करायची. आज पाचवा दिवस, काहीच नाही. गॅस सुटतो, मधूनच लालबुंद होऊन कुंथते, पण पिते नीट, हसते, झोपते. जन्माचं वजन 2.9 किलो, दीड महिन्याच्या लसीच्या वेळी 4 किलो, काल 4.65. सासूबाई म्हणतात विड्याच्या पानाचा देठ लावू. शेजारच्या काकू म्हणतात नागपूरचा उन्हाळा आहे, दोन चमचे पाणी पाज. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी तुम्हाला हवं ते सांगतो. तुम्ही लिहिलेलं सगळं तसंच असेल तर तुमच्या मुलीला बद्धकोष्ठ झालेला नाही. देठ लावू नका, पाणी पाजू नका, वाट बघा. मी नागपुरातच लहान मुलांचा दवाखाना चालवतो, आणि दीड ते तीन महिन्यांच्या बाळांच्या आया जे प्रश्न घेऊन येतात त्यात हा नेहमीचा आहे. पण नुसतं "नॉर्मल आहे" म्हणून मी कुणाला घरी पाठवत नाही, कारण हेच पाच दिवस दुसऱ्या एखाद्या बाळात धोक्याचे असू शकतात. फरक कुठे पडतो तेवढं नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच ओळखता येईल.

आपण दिवस मोजत बसतो, तिथेच गडबड होते. किती दिवस झाले यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. बघायचं असतं ते बाळाचं वय, शी होते तेव्हा ती कशी असते, आणि वजन. बद्धकोष्ठ म्हणजे शी कडक होणं. पाचव्या, सातव्या दिवशी शी झाली आणि ती मोहरीच्या चटणीसारखी पिवळी, मऊ, पसरट निघाली, तर त्या बाळाला बद्धकोष्ठ नाही. उलट रोज शी करणाऱ्या बाळाच्या लंगोटात बकरीच्या लेंड्यांसारखे कडक खडे पडत असतील, तर त्याला बद्धकोष्ठ आहे, मग रोज होत असली तरी.

हे होतं का ते सांगतो. पहिल्या काही दिवसांच्या चिकामध्ये पोट साफ करायचा गुण असतो, त्यानेच ती काळी चिकट पहिली शी बाहेर पडते. त्यानंतरही सुरुवातीचे काही आठवडे दूध पोटात गेलं की मोठं आतडं लगेच हलतं. म्हणून बाळ एकीकडे पितं आणि एकीकडे लंगोट भरतं. साधारण सहा आठवड्यांच्या आसपास हा वेग कमी होतो. आतडं मोठं झालेलं असतं, जास्त साठवू शकतं. शिवाय आईच्या दुधातलं बहुतेक सगळं बाळाच्या अंगी लागतं, मागे चोथा फारच थोडा उरतो. थोडा उरतो म्हणून साठायला दिवस लागतात. आणि आईच्या दुधात काही साखरा अशा असतात ज्या बाळाला पचत नाहीत, त्या थेट मोठ्या आतड्यात जातात आणि तिथल्या चांगल्या जंतूंचं अन्न होतात. त्यांच्यामुळे शी मऊ राहते, आठ दिवस आत राहिली तरी. वरच्या दुधावरच्या बाळात असं होत नाही, तिथे शी जितके दिवस आत राहील तितकी घट्ट होत जाते. म्हणून मी इथे जे सांगतोय ते फक्त अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आहे. दिवसातून एखादी बाटली पावडरच्या दुधाची किंवा गाईच्या दुधाची जात असेल, तर हा हिशोब तसाच्या तसा लावू नका.

तर दीड महिन्यानंतर, निव्वळ अंगावरच्या दुधावर, वजन वाढत असताना, चार-पाच दिवसांनी शी होणं हे सर्रास दिसतं. सात दिवस, काही बाळांत दहा दिवसही होतात. तुमच्या मुलीचंच गणित करू. दीड महिन्याच्या लसीपासून कालपर्यंत चोवीस दिवस झाले असं धरतो. त्यात वजन वाढलं 650 ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण 27 ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला 25 ते 30 ग्रॅम वाढ झाली की आम्ही निर्धास्त असतो. पोटात दूध कमी जात असतं तर हा आकडा आलाच नसता. फक्त दोन्ही वेळचं वजन एकाच प्रकारच्या काट्यावर, कपडे काढून केलेलं होतं का, तेवढं बघा. एका ठिकाणी दुपट्यासकट आणि दुसरीकडे उघडं, असं असेल तर दोन-तीनशे ग्रॅमचा घोळ सहज होतो.

आता हेच पाच दिवस, पण बाळ बारा दिवसांचं. चित्र पूर्ण बदलतं, आणि मला खरी काळजी याच बाळांची वाटते, कारण यांना दवाखान्यात आणायला उशीर होतो. "नवऱ्याच्या बहिणीचं बाळही आठ-आठ दिवस करायचं नाही" हे कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि ते खरंही असतं, पण ते बाळ तीन महिन्यांचं होतं हे सांगायचं राहून गेलेलं असतं.

एक उदाहरण देतो. सिझेरियन झालेली आई, माहेरी कामठीला आलेली, पहिलंच बाळ. बाराव्या दिवशी कावीळ वाटते म्हणून दाखवायला आणलं. आजी कौतुकाने सांगत होत्या, "लय गुणाचं हाय, रडतच नाही, घास-घोट घेतला की झोपून जातं." शी तीन दिवसांत नाही, त्याआधी झाली ती हिरवट काळपट, थोडीशी. लघवी विचारली तर दिवसातून तीन-चारदा, आणि लंगोटावर विटकरी डाग. जन्माचं वजन 2.8 किलो होतं, काट्यावर आलं 2.45. म्हणजे साडेतीनशे ग्रॅम कमी, जन्माच्या वजनाच्या साडेबारा टक्के. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, सात टक्क्यांपर्यंत आम्ही फार मनावर घेत नाही, दहाच्या पुढे गेलं की काहीतरी करावंच लागतं. आणि दहा ते चौदा दिवसांत ते परत जन्माच्या वजनावर आलं पाहिजे. हे बाळ बाराव्या दिवशी वर यायचं सोडून खालीच चाललं होतं.

त्या बाळाच्या आतड्यात काहीच अडलेलं नव्हतं. पोटात दूधच जात नव्हतं, तर शी कुठून होणार? मी आईला माझ्यासमोर पाजायला सांगितलं. बाळाच्या तोंडात फक्त बोंडी होती, भोवतीचा काळा भाग सगळा बाहेर. गाल आत ओढले जात होते, चुकचुक आवाज येत होता, पण गिळल्याचा आवाज दहा मिनिटांत दोन-चारदाच. सोडलं तेव्हा बोंडी एका बाजूने चपटी, लिपस्टिकच्या टोकासारखी तिरकी झालेली, वर भेग. टाक्यांच्या दुखण्यामुळे आई पुढे वाकून पाजत होती, बाळाची मान वळलेली. आणि ते "गुणी" बाळ खरं तर अशक्तपणामुळे झोपून जात होतं.

त्याला शीचं औषध द्यायचंच नव्हतं. बाळाला दाखल करून रक्तातलं सोडियम, साखर आणि काविळीचं प्रमाण तपासलं, कारण इतकं वजन उतरलेल्या बाळात सोडियम वाढलेलं असू शकतं आणि ते मेंदूला धोक्याचं असतं. आईला कुशीवर झोपवून, बाळाचं पोट तिच्या पोटाला लागेल असं धरायला शिकवलं. हनुवटी छातीला टेकलेली, तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि खालच्या बाजूचा काळा भाग बराचसा तोंडात. दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजायचं, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. प्रत्येक पाजण्यानंतर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने वरून द्यायचं. दुसऱ्या दिवशीच पिवळी शी झाली. चौथ्या दिवशी वजन 2.58 किलो आणि दिवसातून चार-पाच वेळा शी. एनिमा नाही, देठ नाही, काही नाही.

म्हणून पहिल्या महिन्यात नियम वेगळा. पाचव्या दिवसापर्यंत काळी शी जाऊन पिवळी आली पाहिजे, आणि त्यानंतर महिनाभर तरी दिवसातून तीन-चारदा शी व्हावी. एखाद्या बाळाची कमी होते आणि तरी वजन छान वाढतं, असंही दिसतं, पण ते वजन करून ठरवायचं, अंदाजाने नाही. चार आठवड्यांच्या आतलं बाळ एक पूर्ण दिवस शी न करता गेलं तर मी म्हणतो, दुसऱ्या दिवशी वजन करून घ्या. सहा आठवड्यांच्या पुढच्या बाळासाठी मी हे म्हणणार नाही. चार ते सहा आठवड्यांच्या मधल्या बाळांचं काय, तर तिथे सरसकट सांगता येत नाही. वजन, लघवी आणि पाजताना गिळल्याचा आवाज, यावरून ठरवावं लागतं.

लघवी ही घरी बघता येणारी सगळ्यात सोपी खूण आहे. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा, फिकट पिवळी किंवा पाण्यासारखी लघवी झाली तर दूध पुरतंय असं समजायला हरकत नाही. डायपरमध्ये हे कळत नाही, ते सगळं शोषून घेतं. शंका असेल तर एक दिवस कापडी लंगोट बांधा आणि मोजा. आपल्याकडे मे महिन्यात लंगोट अर्ध्या तासात वाळतो, त्यामुळे जरा वरचेवर हात लावून बघावं लागतं, एवढंच.

आता पाण्याचं. पारा पंचेचाळीसला गेला की नागपुरातल्या घराघरात हा वाद होतो, आणि मोठ्या माणसांची काळजी खोटी नसते. पण आईच्या दुधात जवळजवळ 87 ते 88 टक्के पाणीच असतं. इतक्या उन्हातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरून पाणी लागत नाही, तहान लागली तर ते जास्त वेळा पितं. तुम्ही पाजायच्या वेळा वाढवा, आणि स्वतः भरपूर पाणी, ताक, पन्हं घ्या. बाळाला पाणी पाजलं तर त्याच्या एवढ्याशा पोटातली दुधाची जागा जाते, उन्हाळ्यात पाण्यातून जुलाबाचे जंतू जायची भीती असते, आणि पाणी जास्त गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेसुद्धा येऊ शकतात. शिवाय तुमच्या मुलीची शी कोरडी झालेलीच नाही, मग पाण्याने साधणार काय? खोलीत कूलर लावा, वारा थेट अंगावर नको, अंगात पातळ सुती झबलं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी नाही, आणखी एकदा छातीला लावा.

कुंथण्याबद्दल तुम्ही लिहिलंय, त्याने घरातली माणसं सगळ्यात जास्त घाबरतात. लालबुंद चेहरा, पाय पोटाशी, कण्हणं, कधी दहा-पंधरा मिनिटं रडणं, आणि शेवटी निघते ती मऊ शी. शी मऊ असेल तर हे दुखणं नाही. शी करायला दोन गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात, पोटाने जोर करणं आणि गुदद्वाराचे स्नायू सैल सोडणं. लहान बाळ जोर करतं आणि त्याच वेळी खालचा भाग आवळून धरतं. हळूहळू त्याला जमायला लागतं, त्यासाठी औषध नसतं आणि लागतही नाही. इंग्रजीतून याला इन्फंट डिस्केझिया म्हणतात, कुणी चिठ्ठीवर लिहून दिलं तर घाबरू नका.

आणि म्हणूनच देठाला माझा विरोध आहे. तुमच्या सासूबाई म्हणतात ते खोटं नाही, देठाला एरंडेल लावून आत सरकवला की बहुतेक वेळा लगेच शी होते. साबणाची कांडी घातली तरी होते, थर्मामीटर घातला तरी होते. कारण तिथे काहीही टोचलं की आतडं आकसतं. पण बाळ जे स्वतःहून शिकत असतं ते शिकायचं राहतं, आणि टोचल्याशिवाय शी होत नाही अशी सवय लागायला लागते. आतली त्वचा फार नाजूक असते, देठाने खरचटून रक्त आलेली बाळं मी पाहिली आहेत, साबणाने तर आतून आग होते आणि सूज येते.

देठाचा आणखी एक तोटा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. त्याने खरा आजार झाकला जातो. काही बाळांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात आतडं हलवणाऱ्या मज्जापेशी जन्मतःच नसतात. तेवढा भाग सैल पडत नाही, कायम आवळलेला राहतो, आणि वरचं सगळं तिथे अडतं. याला हिर्शस्प्रुंगचा आजार म्हणतात, साधारण पाच हजारांत एका बाळाला असतो. अशा बाळाला देठ लावला की आवळलेला भाग क्षणभर उघडतो आणि गॅससकट पातळ शी जोरात, पिचकारीसारखी बाहेर येते. पोट बसतं, घरचे म्हणतात मोकळं झालं. चार दिवसांनी परत फुगतं, परत देठ. असं करत महिने जातात, आणि एखाद्या दिवशी त्या साठलेल्या आतड्याला संसर्ग होऊन बाळ ताप, फुगलेलं पोट आणि घाण वासाचे जुलाब घेऊन अत्यवस्थ स्थितीत येतं. त्याचं निदान आतड्याचा एक छोटा तुकडा काढून तपासल्यावर पक्कं होतं आणि उपाय ऑपरेशन हाच आहे. वेळेत झालं तर मूल चांगलं वाढतं.

हा आजार तुमच्या मुलीला असेल का? एक प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा, तुमच्या प्रश्नात तो आलेला नाही. जन्मानंतर पहिली काळी शी केव्हा झाली? पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना ती पहिल्या 24 तासांत होते, 48 तासांत जवळजवळ सगळ्यांना. आठवत नसेल तर डिस्चार्ज कार्ड बघा, बऱ्याचदा त्यावर लिहिलेलं असतं. दोन दिवस उलटून गेल्यावर झाली असेल, तर बाकी सगळं छान दिसत असलं तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना ते मुद्दाम सांगा. पण तुमची मुलगी दीड महिना रोज पाच-सहा वेळा स्वतःहून शी करत होती, पोट फुगल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, वजन वाढतंय. हिर्शस्प्रुंगचं बाळ सहसा असं वागत नाही, त्याला बहुतेक वेळा अगदी पहिल्या आठवड्यापासून त्रास असतो.

पोट बघायची पद्धत सांगून ठेवतो. पाजल्यावर लगेच बघू नका, तेव्हा सगळ्याच बाळांचं पोट गच्च असतं. पाजायच्या आधी, बाळ शांत असताना, उताणं निजवा, गुडघे थोडे वाकवा आणि तळहात हलकेच पोटावर ठेवा. बोटं सहज आत दबली, बाळाने तोंड वेडंवाकडं केलं नाही, तर पोट मऊ आहे. नगाऱ्यासारखं ताणलेलं, चकचकीत, त्यावर निळसर शिरा उठलेल्या, हात लावला की रडतं, असं असेल तर थांबायचं नाही. हिरवी उलटी झाली तर अजिबातच नाही. दुधाची गुठळी किंवा पांढरं दूध बाहेर येणं वेगळं, ते चालतं. गडद हिरवी उलटी म्हणजे पित्त, आणि लहान बाळात त्याचा अर्थ आतडं कुठेतरी अडलंय असाच धरायचा. रात्रीचे दोन वाजले असले तरी मेडिकलला, मेयोला, एम्सला किंवा जवळच्या, बाळांचं ऑपरेशन होऊ शकेल अशा दवाखान्यात न्यायचं, सकाळची ओपीडी उघडायची वाट बघायची नाही. ताप, शीत रक्त, किंवा बाळ दूध ओढेनासं होणं, यालाही त्याच दिवशी दाखवायचं.

थायरॉईडचं इथेच सांगतो, कारण ते चटकन लक्षात येत नाही. ज्या बाळाची थायरॉईड ग्रंथी जन्मतः कमी काम करते, त्याला बद्धकोष्ठ असू शकतो, पण तो एकटा येत नाही. कावीळ दोन आठवडे उलटले तरी डोळ्यांत दिसते, बाळ सुस्त, आवाज घोगरा, हातपाय गार, जीभ मोठी, बेंबी पुढे आलेली. बऱ्याच दवाखान्यांत जन्मानंतर टीएसएचची तपासणी करतात, तुमच्या कागदांत ती आहे का बघा. झाली नसेल आणि यातलं काही दिसत असेल तर लगेच करून घ्या. उपचार पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाला तर मेंदूचं नुकसान टळतं, आणि औषध म्हणजे रोजची एक छोटी गोळी.

घरात बाळगुटी चालू आहे का, तेही बघा. सहाणेवर उगाळलेलं हिरडा-वेखंड-मुरुडशेंग मधात चाटवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. हिरड्याने पोट मोकळं होतं हे खरं, पण किती वळसे घातले आणि बाळाच्या पोटात किती गेलं याचं माप कुणाकडेच नसतं, आणि सहाण किती स्वच्छ होती हा प्रश्न राहतोच. मध तर एक वर्षापर्यंत अजिबात नको. मधात कधी कधी एका जंतूची बीजं असतात, मोठ्या माणसाला ती काही करत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. त्या आजाराची सुरुवात बहुतेक वेळा बद्धकोष्ठानेच होते, आणि मग पापण्या जड होतात, रडणं क्षीण होतं, ओढायची ताकद जाते, मान टाकली जाते. क्वचित होतं, पण होतं तेव्हा बाळाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागू शकतं. ग्राइप वॉटरची गरज नाही. हिंगाचा लेप बेंबीभोवती लावायचा असेल तर लावा, त्याने शी होणार नाही, पण अपायही होणार नाही. फक्त तोंडात जायला नको.

तुमच्या जेवणाला कुणी दोष देत असेल तर तेही मनातून काढून टाका. डिंकाचे लाडू खाल्ले, वांगं खाल्लं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून अंगावरच्या बाळाची शी थांबत नाही. गोळ्यांनी तुमचं पोट जड होईल, बाळाचं नाही. बाळाला दिवसाला 400 युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू असतील तर तेही बंद करू नका.

मग पुढचे दिवस काय करायचं? जसं पाजताय तसं पाजत राहा. दिवसातून दोन-तीनदा, पाजून तासभर झाल्यावर, कोमट तेलाच्या हाताने बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाचेक मिनिटं मसाज करा. पाय धरून सायकल चालवल्यासारखे हलवा, दोन्ही गुडघे पोटाशी नेऊन क्षणभर धरा. जागी असताना थोडा वेळ पालथी घाला, तुमच्या डोळ्यांसमोर. याने शी होईलच असं मी म्हणत नाही, पण गॅस सुटतो, बाळाला बरं वाटतं, आणि घरातल्यांनाही काहीतरी केल्यासारखं होतं, त्यालाही किंमत आहे. सासूबाईंना देठापासून थांबवायचं असेल तर मसाजाचं काम त्यांच्याकडे द्या. त्यांचा हात या कामात तुमच्या-माझ्यापेक्षा सरावलेला असणार. गॅसचा वास या दिवसांत उग्र येईल, त्याने घाबरू नका.

शी होईल तेव्हा भरपूर होईल, झबल्यापर्यंत जाईल. रंग पिवळा, हिरवट, मधूनच पांढरे कण, सगळं चालतं. पण शाडूसारखी किंवा चुन्यासारखी पांढुरकी शी झाली तर फोटो काढून त्याच दिवशी दाखवा, ती यकृतातल्या पित्तनलिका बंद असल्याची खूण असू शकते, आणि त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर यश जास्त मिळतं. तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे आलीये, म्हणून असं काही दिसलं तर एक दिवसही घालवू नका. आणि पहिला तुकडा कडक, खड्यासारखा निघाला तर मी वर सांगितलेलं "वाट बघा" रद्द समजा. निव्वळ अंगावरच्या दुधावर कडक शी होत नाही. ती झाली तर वरून काही दिलं जातंय का ते आधी घरात विचारा, आणि बाळाला तपासून घ्या.

किती दिवस थांबायचं, तर वर सांगितलेलं धोक्याचं काहीच नसेल तर मी सातव्या दिवसापर्यंत काहीच करत नाही. आठवडा झाला की एकदा डॉक्टरांच्या हाताने पोट तपासून घ्यावं, आजार आहे म्हणून नाही, तर पोटात कडक गोळा लागत नाही ना आणि गुदद्वार जागच्या जागी आहे ना याची खात्री म्हणून. कधी कधी ते जरा पुढे असतं किंवा अरुंद असतं, आणि नीट बघितल्याशिवाय ते कळत नाही. सगळं ठीक असेल तर दहाव्या दिवसापर्यंतही थांबता येतं. त्यापुढे गेलं तर ग्लिसरीनची लहान मुलांची बत्ती द्यायची का, हे तपासणारे डॉक्टर ठरवतील. घरी आणून आपण घालायची नाही.

तुमच्या बाबतीत सोय अशी की दहा आठवड्यांची लस तीन-चार दिवसांवर आलीच आहे. तोवर शी झाली नाही तर आठवा-नववा दिवस असेल, म्हणजे तपासायची वेळही तीच. लसीला जाताना माता-बाल संरक्षण कार्ड न्या, तिथे उघड्या अंगाने वजन करून ते वाढीच्या तक्त्यावर टिपून घ्या, आणि पोट बघायला सांगा. पहिली काळी शी केव्हा झाली होती आणि टीएसएच झालं होतं का, ही दोन उत्तरं कागदावर लिहून बरोबर ठेवा, डॉक्टर विचारतीलच. त्या दिवशी रोटाव्हायरसचा डोस तोंडावाटे मिळतो, त्यानंतर एक-दोन दिवस शी जरा सैल झाली तर ते त्यामुळे असू शकतं. तेव्हाचं वजन आणि पहिल्या शीबद्दलचं उत्तर इथे कळवा, मी बघेन.